काकूचं कपाट आणि तीन फूट दहा इंच

माझी काकू टेलिफोनवर बोलण्यात उभा जन्म घालवलेली बाई. एका मोठ्या कंपनीत ती ऑपरेटर होती. आलेला फोन कुणाकडे जोडायचा, कुणाला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून सांगायचं आणि कुणाला खरं सांगायचं, हे तिला आवाजावरून कळायचं. आकडे तिच्या जिभेवर असत. शंभरेक एक्स्टेंशन तोंडपाठ. पण आकडे पाठ असणं वेगळं आणि आकड्यांचा हिशोब करणं वेगळं, आणि दुसऱ्या बाबतीत आमची काकू म्हणजे आनंदच होता.

आई तिला धांदरट म्हणायची. आई थोरली जाऊ, काकू धाकटी. आई शिवणकाम करायची, आणि ते असं की कापडावर खडूची रेघ ओढली की ती रेघ पुन्हा पुसायची वेळ यायची नाही. काकू लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने आईच्या कात्रीने पुठ्ठा कापला. आई त्यावर पंधरा दिवस बोलली नव्हती असं म्हणतात. काकूचं म्हणणं, एवढी शांतता त्या घरात पुन्हा कधी लाभली नाही.

काका लवकर गेले. काकूला मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी तिला न्यायचं म्हटलं, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती की तिची नोकरी इथे आहे, तिचं अंथरूण इथे आहे, ती कुठे जाणार? झालं, तेवढ्यावर विषय मिटला. मी शाळेतून यायची तेव्हा आई मशीनवर असायची आणि मला जेवायला वाढायची ती सकाळच्या पाळीहून आलेली काकू. पुढे माझे वडीलही गेले, मी लग्न करून दुसऱ्या गावी आले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दोघी जावा उरल्या. एकमेकींवाचून चालत नाही आणि एकमेकींचं पटत नाही, अशा.

मग आईचे डोळे गेले. काचबिंदू होता, कळला उशिरा. खिडकी कुठे आहे, दिवा लागला की नाही, समोर माणूस उभा आहे, एवढं तिला कळतं. सुईत दोरा ओवणं संपलं. मशीन आणि कापायचं टेबल तिने गल्लीतल्या एका नव्या शिंपिणीला देऊन टाकलं आणि पलंगावर बसून राहायला लागली. बाहेर पडेना. जिन्याची भीती नव्हती तिला. भीती होती ती कुणीतरी हाताला धरून नेण्याची. घरातही तेच. लोखंडी कपाटात दोघींचे कपडे, औषधं, चादरी सगळं एकत्र कोंबलेलं. आई हात घालायची, भलतंच हाती यायचं, आणि मग तिला काकूला हाक मारावी लागायची. हाक मारणं तिच्या जिवावर यायचं. दोन-दोन तास ती पातळ शाल पांघरून कुडकुडत बसायची, पण स्वेटर कुठे आहे म्हणून विचारायची नाही.

काकूने ठरवलं, नवं कपाट करायचं. खिडकी आणि कोपरा यांच्यामध्ये भिंतीत जो खड्डा आहे, त्यात नेमकं बसणारं. एक बाजू आईची, एक आपली. आणि मधोमध, आईच्या छातीच्या उंचीवर, एक आडवी फळी. हात सरळ पुढे केला की औषधाची डबी, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. चष्म्याचा उपयोग नव्हता, पण आई तो लावल्याशिवाय राहत नसे.

मिस्त्री ओळखीचे होते. त्यांनी एकदा येऊन जागा बघितली होती, पण त्या दिवशी नेमका टेप दुसऱ्याच्या घरी राहिला होता. पुन्हा यायला त्यांना सवड होईना. त्यांनी फोनवर सांगितलं की फळ्या कापायचं मशीन दुसऱ्याच्या कारखान्यात आहे, उद्या सकाळी माझा नंबर आहे, मापं तुम्हीच घ्या आणि कागदावर लिहून द्या. मशीनवाला फूट-इंच घेत नाही, सगळं मिलिमीटरमध्ये लागतं. काकू म्हणाली, त्यात काय, मोबाइलमध्ये सगळं आहे.

माप आईच्या टेपने घेतलं. शिवणकामाचा साठ इंची कापडी टेप, तो एवढा एक आईने कुणाला दिला नव्हता. आई पलंगावरून हुकूम सोडत होती, काकू स्टुलावर चढून टेप धरत होती. रुंदी चार फूट सात इंच. उंची टेपपेक्षा जास्त, म्हणून दोन तुकड्यांत मोजून सहा फूट नऊ. खोल एक फूट आठ, कारण त्याच्यापुढे आलं तर खिडकी उघडत नाही. मग आईला भिंतीशी उभं केलं, तिने हात सरळ पुढे केला, आणि जमिनीपासून तिच्या हातापर्यंत मोजलं ते तीन फूट दहा इंच भरलं.

काकूने हे सगळं वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. ४.७, ६.९, १.८, ३.१०. फूट आणि इंच यांच्यामध्ये टिंब. आपणही तसंच लिहितो, त्यात काही विशेष नाही. मग तिने मोबाइलवर शोधलं, एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. आणि तिने सरळ गुणाकार केले. चार पॉइंट सात गुणिले तीनशे चार पॉइंट आठ. आलं १४३२ आणि काहीतरी, तिने केलं १४३३. उंची २१०३. खोल ५४९. मधली फळी ९४५. चांगल्या कागदावर, टेलिफोनच्या निरोपाला शोभेल अशा अक्षरात, तिने चिठ्ठी लिहिली:

'मिस्त्री यांस. कपाटाची मापं मिलिमीटरमध्ये. रुंदी १४३३, उंची २१०३, खोल ५४९. मधल्या आडव्या फळीचा वरचा भाग जमिनीपासून ९४५. फटीसाठी काय सोडायचं ते तुम्ही बघा. कळावे.'

चिठ्ठी तिने संध्याकाळी स्वतः नेऊन दिली. मिस्त्रींनी वाचली, घडी केली, खिशात टाकली. आकडे कपाटाला शोभण्यासारखेच होते, शंका येण्यासारखं त्यात काही नव्हतं. कागदावर फूट-इंच कुठेच नव्हते, त्यामुळे ताडून बघायलाही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू टेप बोटांभोवती गुंडाळत बसली होती. गुंडाळताना टेप उलटा झाला आणि मागच्या बाजूचे आकडे दिसले. शिवणाच्या टेपला एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आईने आयुष्यात ती दुसरी बाजू वापरली नव्हती, म्हणून ती अजून कोरी करकरीत होती. काकूला गंमत वाटली. चार फूट सात म्हणजे पंचावन्न इंच. तिने पंचावन्नवर नख ठेवलं आणि टेप उलटला. मागे एकशे एकोणचाळीसच्या पुढे सात बारीक रेघा. म्हणजे १३९७ मिलिमीटर.

चिठ्ठीत होते १४३३.

तिला आधी वाटलं टेप जुना झालाय, ताणला असेल. मग तिच्याच लक्षात आलं की ताणला तर दोन्ही बाजूंनी सारखाच ताणेल. तिने मोबाइल काढून पुन्हा गुणाकार केला. पुन्हा १४३३. तिसऱ्यांदा केला, तेच. मोबाइल बरोबर, टेप बरोबर, आणि दोघांचं जुळत नाही. शेवटी तिने पलंगाकडे बघून विचारलं.

"ताई, एका फुटात इंच किती?"

"बारा," आई म्हणाली. "का गं, आज चहा नाही झाला का?"

बारा. दहा नाहीत, बारा. म्हणजे सात इंच हे फुटाचे दशांश सात होतच नाहीत, बारा भागांतले सात होतात. तिने वर्तमानपत्राच्या कडेचे आकडे पुन्हा बघितले. प्रत्येक टिंब चुकीचं होतं. आणि सगळ्यांत वाईट ते शेवटचं. तीन टिंब दहा लिहिलं होतं, मोबाइलने शून्य गिळून त्याचं तीन टिंब एक केलं होतं. तीन फूट दहा इंचांची फळी तीन फूट सव्वा इंचावर आली होती.

तिने मिस्त्रींना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. लोकांनी फोन न उचलणं तिला नवीन नव्हतं, पण हे तिला सहन होईना. तिने चपला घातल्या, आईला 'आलेच' म्हणून सांगितलं आणि निघाली.

मिस्त्रींच्या शेडमध्ये मशीनवरून आलेल्या फळ्या भिंतीशी उभ्या होत्या. भुशाचा वास, रंध्याची घरघर, म्हणून फोन ऐकू गेला नव्हता. काकूने धापा टाकत सगळं सांगितलं. टिंबापासून. मिस्त्री ऐकत होते. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, स्वतःचा टेप काढला आणि काकू एकेक माप इंचांत सांगत गेली तसे ते नवे आकडे लिहीत गेले. पंचावन्न इंच, १३९७. एक्याऐंशी इंच, २०५७. वीस इंच, ५०८. शेचाळीस इंच, ११६८.

मग ते म्हणाले, "कडेच्या पट्ट्या अजून चिकटवल्या नाहीत, हे बरं झालं. मोठ्या झाल्यात त्या कापून लहान करता येतात. लहान झालेली काही वाढवता येत नाही."

लहान झाली होती ती फक्त मधल्या फळीखालची उभी आधाराची फळी. मिस्त्रींनी तिच्या जागी नवी कापून देतो म्हणून सांगितलं. एका फळीचा तर प्रश्न. आणि मीही मिलिमीटरसोबत फूट-इंच लिहून मागायला हवे होते, असंही ते म्हणाले. काकूला ते ऐकून आणखीच वाईट वाटलं. तिला कुणी रागावलं असतं तर तिने उलट उत्तर दिलं असतं. समजूतदारपणापुढे तिचं काही चालत नाही.

घरी आल्यावर तिने आईला सांगायचं टाळलं असतं तर ते कुणाला कळलं नसतं. कपाट नीटच येणार होतं. पण काकूच्या पोटात काही राहत नाही. तिने चहा टाकला आणि चहाबरोबर सगळं सांगून टाकलं. आई धांदरट म्हणेल म्हणून ती तयारीतच बसली होती. आई म्हणाली नाही. मुळात तिने मोठ्या-लहान फळ्यांचं काही विचारलंच नाही. तिने विचारलं ते एवढंच, की ती चुकलेली फळी जमिनीपासून किती इंचांवर आली असती.

"सदतीस आणि वर थोडंसं."

आई उठली. भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, टेप धर. काकूने जमिनीपासून सदतीस इंचांवर टेप धरला. आईने तिथे तळहात उपडा ठेवला. कोपर किंचित वाकलं. हात हवेतच डावीकडून उजवीकडे फिरला, परत आला, पुन्हा फिरला. काकू मला म्हणाली, मला कळेना ही काय करते आहे. मला वाटलं हवेतली धूळ पुसते आहे.

"मला ती फळी दाखव," आई म्हणाली.

काकू मला हे फोनवर सांगत होती तेव्हा हे वाक्य तिने दोनदा म्हटलं. कारण आईने बाहेर जायचं म्हणणं, हे घरात किती तरी महिन्यांत घडलं नव्हतं. डॉक्टरकडेही ती भांडून जायची.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. जिना उतरताना आईने काकूचा हात धरू दिला नाही, काकूच्या खांद्यावर आपला हात ठेवला. म्हणजे कोण कुणाला नेतंय हे बघणाऱ्याला कळू नये. मिस्त्रींनी स्टूल पुसून दिलं, पण आई बसली नाही. तिने लहान झालेली फळी मागितली. मिस्त्रींनी ती उभी धरली, वर एक आडवी फळी टेकवली आणि खाली लाकडाचे तुकडे सारून ती बरोबर ९४५ वर आणली. आईने दोन्ही तळहात तिच्यावर पसरले. कडेवरून बोटं फिरवली, कोपरा चाचपला, थोडी पुढे झुकली, मागे सरली.

"माझं कापायचं टेबल एवढंच होतं," ती म्हणाली. "या उंचीवर मी उभी राहिले की मला दुखायला पाठ आहे हे लक्षात राहत नसे."

मग आई मिस्त्रींशी बोलायला लागली, आणि अशी बोलायला लागली जशी ती पूर्वी गिऱ्हाइकाशी बोलायची. ही फळी राहू द्या. पण कपाटाच्या आत राहिली तर मला उपयोगाची नाही, ती बाहेर ओढता यायला हवी. ओढल्यावर डुगडुगता कामा नये. कडा गोल करा, कापड अडकतं. आणि वरची, तीन फूट दहाची, तीही हवीच, औषधं मी वाकून घेणार नाही. मिस्त्री म्हणाले, दोन्हींमध्ये सव्वादोनशे मिलिमीटरच्या आत अंतर राहील, त्यातून फळ्यांची जाडी जाईल. आईने विचारलं, ते किती? त्यांनी तिचा हात धरून, अंगठा आणि करंगळी ताणून, एवढं, असं दाखवलं. आई म्हणाली, पुरेल, माझा हात जातो.

बाहेर येणाऱ्या फळीसाठी लोखंडी पट्ट्या लागतात, त्यांच्यावर ती सरकते. त्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची हे मिस्त्रींनी काकूला समजावून सांगितलं आणि पुन्हा चिठ्ठी लिहायला सांगितलं. या वेळी काकूने तिथेच बसून लिहिली. आधी फूट-इंच, मग नुसते इंच, मग त्याला २५.४ ने गुणून मिलिमीटर. प्रत्येक ओळ तिने मोठ्याने वाचली, आईने इंच डोक्यात करून 'हं' म्हटलं, आणि मिस्त्रींनी टेपवर बघून मान हलवली, तेव्हाच ती पुढच्या ओळीवर गेली. टिंब तिने एकाही फुटाच्या पुढे दिलं नाही.

कपाट आलं ते खड्ड्यात सरकलं आणि बसलं. दोन्ही बाजूंना नखाएवढी फट. फक्त भिंत वरच्या बाजूला थोडी तिरकी निघाली, तिथे मिस्त्रींना पट्टी मारावी लागली. तो दोष भिंतीचा. खिडकी उघडते. आईची बाजू कुठली आणि काकूची कुठली यावरून दोघींचं वाजलं, कारण खिडकीजवळची बाजू दोघींनाही हवी होती. काकूने शेवटी ती सोडली आणि वर चार लोकांना सांगितलं की मी सोडली.

आई आता सकाळी फळी बाहेर ओढते आणि उभी राहून घरातले कपडे घड्या घालते. पहिल्यांदा नुसत्या घड्याच होत्या. मग तिने एक जुनी चादर मागितली. दुमडीवर बोट ठेवून, कात्रीला बोटाच्या मागून नेत तिने उशीचे अभ्रे कापले. पहिला तिरका गेला. काकू म्हणाली, जरा तिरका आहे. आई म्हणाली, तुझं डोकंही तसंच आहे, ठेव त्याच्यावर. शिवायला ते गल्लीतल्या शिंपिणीकडे गेले. ती स्वतः घ्यायला आली होती आणि बराच वेळ बसली, असं काकूने सांगितलं. शिंपिणीला बाही बसवायची एक अडचण होती.

मागच्या महिन्यात मी न कळवता गेले. दाराला कुलूप होतं. माझ्या आठवणीत आईचे डोळे गेल्यापासून त्या दाराला बाहेरून कुलूप मी पाहिलं नव्हतं. मी काकूला फोन लावणार तेवढ्यात खालून जिन्यात त्यांचे आवाज आले. दोघी कापडाच्या दुकानातून येत होत्या. आईने काकूच्या खांद्यावर हात ठेवलेला. काकूचं म्हणणं, निळं चांगलं होतं. आईचं म्हणणं, निळं चांगलं असेल, पण त्याचा पोत हाताला खरखरीत लागत होता, आणि घालायचं मला आहे. दुसऱ्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या आणि तिथेही तेच चालू राहिलं. मी वरून हाक मारली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून घेतलं आणि त्या वर येईपर्यंत ऐकत राहिले.